जलकुंभांचे निर्मलीकरण

«सर्व सन्माननीय सभासदांस याद्वारे सूचित करण्यात येते की, संस्थेच्या भूमिगत तसेच उर्ध्वस्थ जलकुंभांच्या निर्मलीकरणाचे कार्य रविवार, दिनांक १२ रोजी हाती घेण्याचे प्रस्तावित असल्याने उक्त दिवशी प्रातःकाळी ९ ते अपराह्न ४ या कालावधीत जलपुरवठा पूर्णतः खंडित राहील. सबब सभासदांनी आवश्यक तो जलसंचय करून ठेवावा. तसेच उक्त कालावधीत सदनिकांतर्गत सर्व जलनलिकांची मुखे निमीलित ठेवण्याची दक्षता घ्यावी. अन्यथा जलपुरवठा पुनःस्थापित झाल्यानंतर उद्भवणाऱ्या संभाव्य हानीस संस्था उत्तरदायी राहणार नाही. पुनःस्थापनेनंतरचे प्रारंभीचे जल प्राशनार्थ उपयोगात आणू नये.»

पुण्यातल्या आमच्या सोसायटीत दरवर्षी पाण्याच्या टाक्या धुतात, त्याची ही नोटीस. लिहिणारे आमचे सेक्रेटरीकाका. काका नोकरीला लागले ते पाटबंधारे खात्यात आणि निवृत्त झाले ते जलसंपदा विभागातून. मधल्या काळात त्यांची खुर्ची बदलली नाही, टेबल बदललं नाही, फक्त खात्याचं नाव जड झालं. त्यामुळे पाण्याला जल म्हटलं की त्याची संपदा होते, यावर त्यांचा अनुभवसिद्ध विश्वास आहे. घरी काका अगदी आपल्यासारखे बोलतात. काकूंना ‘अगं, नळ बंद कर’ असंच म्हणतात. नोटीस लिहायला बसले की मात्र नळाला मुख फुटतं आणि ते मुख निमीलित होतं. निमीलित हे आजवर ध्यानस्थ शंकराचे नेत्र होत असत. आमच्याकडे ते बाथरूममध्ये होतं.

गेल्या वर्षी हीच नोटीस लागली होती, फक्त तारीख वेगळी. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी सकाळी दहाला नळ सोडला. पाणी नव्हतं. नळ तसाच ठेवून ते कुटुंबासह सिनेमाला गेले. चार वाजता जलपुरवठा पुनःस्थापित झाला आणि साडेचारला पहिल्या मजल्यावरच्यांच्या हॉलमधल्या पंख्यावरून पाणी गळायला लागलं. भांडणात दुसऱ्या मजल्याने जो बचाव केला, त्याला उत्तर नव्हतं. ते म्हणाले, “नोटीस मी शब्दन्शब्द वाचली होती. जलनलिकांची मुखे म्हणजे मला गच्चीवरचे पाइप वाटले. ते माझ्या ताब्यात आहेत का?” काका म्हणाले, “सदनिकांतर्गत असं स्पष्ट लिहिलंय.” त्यावर पहिला मजला आणि दुसरा मजला, भांडण सोडून, दोघेही काकांकडे बघत राहिले.

म्हणून यंदा चेअरमनबाईंनी ठरवलं, की नोटीस ‘जरा साध्या भाषेत’ करायची. आणि मी कुठे कुठे लिहितो असा एक प्रवाद सोसायटीत असल्यामुळे काम माझ्याकडे आलं. कमिटीची बैठक काकांच्याच घरी ठेवली. यात चेअरमनबाईंचा मुत्सद्दीपणा होता: यजमान असलेला माणूस फार चिडू शकत नाही, त्याला मधून मधून चहाचं बघावं लागतं.

आधी मूळ नोटीस कुणाला किती कळते ते बघायचं ठरलं. यात एक मेख असते. नोटीस वाचून दाखवून “समजलं का?” असं विचारलं, तर जगातला प्रत्येक माणूस “हो” म्हणतो. नाही म्हणायला कुणाला आवडेल? म्हणून विचारायचं असतं, “मग आता तुम्ही काय करणार?” तिसऱ्या मजल्यावरच्या आजी तिथेच काकूंबरोबर मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांना मी नोटीस वाचून दाखवली. आजींनी मन लावून ऐकली, मान डोलावली.

“समजलं ना आजी?”

“न समजायला काय झालं?”

“मग रविवारी तुम्ही काय करणार?”

“मी बाई सोवळ्याचं नेसून येईन सकाळी. कलश गच्चीवरच मांडणार ना? आणि प्रसादाला काय करताय?”

काका हादरले. पण आजींचं काहीही चुकलं नव्हतं. जलकुंभ, प्रातःकाळ, निर्मल, प्राशन, शिवाय ‘सन्माननीय सभासदांस सूचित करण्यात येते’ असा संकल्प सोडल्यासारखा सूर. हे शब्द आजींच्या आयुष्यात जिथे जिथे आले, तिथे समोर गुरुजी बसलेले होते. त्यांनी नोटिशीतून पूजा काढली. फक्त आरतीची वेळ दिलेली नाही, एवढीच त्यांची तक्रार होती.

दुसरी साक्ष वॉचमनची. नोटीस लागली की लोक तिच्यासमोर उभे राहतात, दोन ओळी वाचतात आणि वळून वॉचमनला विचारतात, “काय लिहिलंय?” वॉचमन बिहारचा आहे. तो म्हणतो, “संडे को पानी नहीं है.” म्हणजे मराठी सोसायटीची मराठी नोटीस मराठी माणसाला हिंदीतून समजत होती, आणि वॉचमनच्या त्या चार-पाच शब्दांत नळ बंद ठेवायचं राहून जात होतं. पंख्यावरून पाणी गळायला एवढं पुरतं.

काका मात्र हार मानणारे नव्हते. “हे शब्द काही मी घरी तयार केलेले नाहीत. शासनाचे शब्द आहेत,” असं ते म्हणाले आणि ते खरंच आहे. १९६० साली राज्य झालं, त्याच वर्षी भाषा संचालनालय आलं, १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला आणि साहेबाच्या इंग्रजीत चाललेला सगळा कारभार मराठीत आणायची वेळ आली. हजारो शब्द एका दमात हवे होते. घाईत शब्द हवे असले की संस्कृतसारखी दुसरी सोय नाही; उपसर्ग लावा, प्रत्यय लावा, शब्द तयार. सरकारी हुद्द्यांच्या मराठी नावांचा पदनाम कोश निघाला, तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हटलं होतं. पण ही आवड त्याहून जुनी. शिवाजी महाराजांच्या काळात, १६७७ च्या सुमारास, फार्सी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश झाला. पुढे सावरकरांनी भाषाशुद्धीत पुष्कळ शब्द घडवले. त्यातले महापौर, चित्रपट, दिग्दर्शक असे बसले की ते कुणी घडवलेत हेही आपण विसरलो. आणि कायद्याला निर्बंध म्हणा, असं त्यांनीच सांगितलं, ते मात्र आपण ऐकलं नाही. आजही आपण ‘कायदा’च मोडतो.

तेव्हा नवा शब्द वाईट असतो असं नाही, आणि संस्कृत शब्द वाईट असतो असं तर मुळीच नाही. हे मी काकांना पटवून द्यायला गेलो तो खजिनदार मध्येच उत्साहाने म्हणाले, “म्हणजे संस्कृत तेवढे काढायचे आणि शुद्ध मराठी ठेवायचे.” हा खजिनदारांचा कार्यक्रम अमलात आणला असता तर आमच्या नोटिशीतून पहिल्यांदा ‘पाणी’ गेलं असतं. ते संस्कृतातल्या पानीयावरून आलेलं आहे. मग नळ गेला असता, मग दुपार गेली असती. आणि राहिलं असतं काय? ‘सबब’! तो एकटाच अरबी. सगळ्या संस्कृत पंगतीत हा सोवळं नेसून मुकाट जेवत होता आणि काकांना पत्ता नव्हता. त्यांना तो चांगला भारदस्त तत्सम वाटत होता. उलट पाणी भरायची बादली आली पोर्तुगिजांकडून, तारीख आली अरबीतून, आणि या दोघींशिवाय आजींचा एक दिवस जात नाही.

तेव्हा शब्दाची जात विचारायची नाही, असं ठरलं. शेजारीण शेजारणीला गॅलरीतून ओरडून हा शब्द सांगेल का, एवढंच बघायचं. “अहो, रविवारी जलपुरवठा खंडित आहे हो!” असं कुणी ओरडलं तर समोरची आधी तिचा ताप बघेल.

मग कामाला लागलो. जलकुंभाची टाकी झाली, त्यावर वाद नव्हता. भूमिगत म्हणजे खालची. ‘उर्ध्वस्थ’ म्हणजे गच्चीवरची. त्यात काकांनी ऊर्ध्वातला दीर्घ ऊ ऱ्हस्व काढला होता. मी तो दाखवला नाही. जड शब्दांचं हे एक दुखणं असतं: जो शब्द आपण कधी उच्चारत नाही, तो लिहिताना पाय घसरतो. गच्ची लिहिताना कुणी चुकत नाही.

निर्मलीकरणाला ‘स्वच्छता’ म्हणावं असं चेअरमनबाई म्हणाल्या. ‘साफसफाई’ असं खजिनदार म्हणाले. काकू आतून म्हणाल्या, “टाकी धुतात.” झालं. इथे एक गोष्ट लक्षात आली. ‘निर्मलीकरण’ म्हटलं की ते नाम होतं, आणि नाम एकटं उभं राहू शकत नाही, त्याला ‘कार्य’ लागतं, कार्याला ‘हाती घेणे’ लागतं, हाती घेण्याला ‘प्रस्तावित असल्याने’ लागतं. अख्खी वरात. ‘धुणे’ हे क्रियापद आहे, त्याला कुणाचा हात धरावा लागत नाही. टाकी धुवायची आहे, संपलं. जड शब्द काढून हलका शब्द त्याच खाचेत बसवला तर काही साधत नाही. ‘टाकी धुण्याचे काम हाती घेण्याचे ठरवण्यात आले असल्याने’ हे सगळे शब्द सोपे आहेत, आणि तरी हे वाक्य ऐकताना वॉचमनलाच विचारावंसं वाटतं.

तीच गत ‘आवश्यक तो जलसंचय’ची. ‘पाणी भरून ठेवा’ म्हटलं की प्रत्येक घरात काय करायचं ते कळतं. कुणाकडे पिंप आहे, कुणाकडे कळशी, कुणाकडे बाळाचा टब. पाणी भरणे या दोन शब्दांत महाराष्ट्रातल्या बायकांची कितीतरी पहाटेची झोप गेलेली आहे, ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. संचय म्हटल्यावर लोकांना ठेव योजना आठवते.

‘खंडित’ला वेळ लागला. खजिनदार मूळचे नागपूरचे. ते म्हणाले, “नळ येणार नाहीत असं लिहा.” त्यांच्याकडे नळ येतात आणि नळ जातात, पाणी हे नळाबरोबर आपोआप धरलेलं असतं. यावर काकांनी, “नळ काय चालत येतात का?” असं विचारलं. एवढा वेळ मुखे निमीलित करणारा माणूस आता व्याकरणशुद्ध अर्थ मागू लागला. ‘पाणी जाणार’ हे काकांच्या मुंबईकर सुनेने सुचवलं. पण जिथे गेल्या वर्षी पाणी खालच्या मजल्यावर गेलं होतं, तिथे ते नको वाटलं. शेवटी ‘पाणी बंद’ यावर सगळे जिल्हे एक झाले.

अपराह्न चार ही वेळ काकांनी पंचांगातून आणली होती. ‘संध्याकाळी चार’ की ‘दुपारी चार’? आजी म्हणाल्या, “चार म्हणजे चहा. संध्याकाळ दिवा लावल्यावर.” दुपारी चार.

पण बोलीतलं सगळंच कागदावर चालतं असंही नाही. चेअरमनबाईंना एकदम स्फूर्ती येऊन त्या म्हणाल्या, “आपण सरळ लिहू या, उद्या पाणी नाही. लोक असंच बोलतात.” लोक बोलतात ते खरं. पण बोललेला ‘उद्या’ रात्री झोपून जातो, लिहिलेला ‘उद्या’ फलकावर टांगलेला राहतो. नोटीस शुक्रवारी लागली तर शनिवारी पाणी नाही, शनिवारी वाचली तर रविवारी नाही, आणि ती काढायला विसरले, तर सोसायटीला कधीच पाणी नाही. ‘आज रोख उद्या उधार’ ही दुकानातली पाटी वर्षानुवर्षं या एका शब्दावर धंदा करते. तेव्हा वार आणि तारीख दोन्ही ठेवले. रविवार, १२ तारीख.

‘दिनांक’ मात्र काकांना हवा होता. मी म्हटलं, ठेवा. दिनांक आता सगळ्यांना कळतो, शाळेतल्या वहीपासून ओळखीचा आहे. काका खूश झाले. पाच मिनिटांनी त्यांनीच तो काढला. म्हणाले, “आता बाकीच्यांत तो एकटा बरा दिसत नाही.”

मग सन्मानाचा प्रश्न आला. “सर्व सन्माननीय सभासदांस, हे काढलं तर सुरुवात कशी करायची?”

“पाण्यापासून.”

“पण नोटीस कुणाला आहे ते कळायला नको?”

“ज्याच्या घरी नळ आहे त्याला.”

काकांना हे उद्धट वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. साधं मराठी आणि उर्मट मराठी यांच्यामधली भिंत फार पातळ असते, आणि आम्ही पुण्यात राहतो. इथल्या पाट्यांमध्ये एकही अवघड शब्द नसतो आणि त्या कुणालाही समजल्या नाहीत असं आजवर झालेलं नाही. समजूनच लोक चिडतात. खजिनदार नागपूरचे असूनही एवढ्या वर्षांत त्यांच्यावर पाण्याचा परिणाम झाला आहे. त्यांनी मसुदा दिला: ‘नळ उघडा टाकून सिनेमाला जाणाऱ्यांनी खालच्या मजल्यावर आपली छत्री देऊन जावे.’ एकमताने हसून तो फेटाळण्यात आला. दुसरा मजला कमिटीवर नव्हता म्हणून एकमत.

‘ठेवावे’ की ‘ठेवा’ यावर चहाचा दुसरा कप झाला. काकांचं म्हणणं, ‘ठेवा’ हा हुकूम आहे. ‘ठेवावे’मध्ये, ठेवलंत तर बरं, असा मान आहे. हे मराठीचं खास देणं आहे, आणि ते मला सोडवत नव्हतं. पण गेल्या वर्षी ‘दक्षता घ्यावी’ म्हटलं होतं आणि दक्षता काही कुणी घेतली नव्हती. ‘घ्यावी’मध्ये न घेण्याचीही सोय असते. शेवटी विनंती एकदाच, वर, आणि खाली सरळ ‘ठेवा’, ‘भरा’ अशी तडजोड झाली.

एवढं झाल्यावर मी सगळं सलग वाचलं आणि लक्षात आलं की क्रमच उलटा आहे. काकांच्या नोटिशीत आधी कारण, मग कार्य, मग तारीख, मग प्रस्ताव. आणि ‘पहिलं पाणी पिऊ नका’ ही जी एकमेव आरोग्याची गोष्ट, ती सगळ्यांत शेवटी, जिथे आजवर एकही वाचक पोचलेला नाही. टाकी धुताना ब्लीचिंग पावडर वापरतात, पहिल्या पाण्याला तो वास असतो, क्वचित गाळही येतो. कचेरीत आधी कारण लिहायची रीत आहे, कारण फाइल वर जाताना प्रत्येकाने ‘का’ विचारलेलं असतं. लिफ्टची वाट बघणारा माणूस ‘का’ विचारत नाही, ‘कधी’ विचारतो. लिफ्ट आली की तो निघून जातो, तेवढ्यात जे वाचून झालं तेवढीच नोटीस.

(लिफ्टवरही काकांची पाटी आहे. ‘उद्वाहन नादुरुस्त आहे.’ हा शब्दही त्यांचा नव्हे, सरकारी इमारतींत तो आहे. पण उद्वाह म्हणजे संस्कृतात लग्न. निवृत्त संस्कृत शिक्षिका आमच्याकडे पाहुण्या आल्या होत्या, त्या पाटी वाचून हळूच म्हणाल्या, “कुणाचं?”)

शेवटी कागद असा झाला:

«सर्वांना विनंती.
रविवारी, १२ तारखेला, सकाळी ९ ते दुपारी ४ पाणी बंद. खालची आणि गच्चीवरची, दोन्ही टाक्या धुवायच्या आहेत.
शनिवारी रात्रीच पाणी भरून ठेवा.
घरातले सगळे नळ बंद ठेवा. बाहेर जाताना पुन्हा एकदा बघा. नळ उघडा राहून कुणाचं नुकसान झालं तर सोसायटी भरपाई देणार नाही.
चार वाजता पाणी आलं की पहिली बादली पिऊ नका. ती फरशी पुसायला वापरा.»

फरशीचं वाक्य काकूंचं. मी ‘पहिले पाणी सोडून द्या’ असं लिहिलं होतं. पाणी सोडून द्या असं पुण्यात उन्हाळ्याच्या तोंडावर लिहिणाऱ्या माणसाने कधी बादली उचललेली नाही, असं त्या म्हणाल्या.

मी हा कागद आजींना वाचून दाखवला. “मग काय करणार आजी?”

“शनिवारी पाणी भरणार. पूजा रद्द झाली का?”

पण सगळ्याच कागदांना हे औषध लागू पडत नाही. नोटिशीच्या यशाने जोर येऊन चेअरमनबाईंनी सोसायटीचं बाकीचं दप्तर काढलं. पहिलाच कागद ‘नामनिर्देशन पत्र’. खजिनदार म्हणाले, सोपं आहे, ‘वारसाचा फॉर्म’ लिहा. तिथे मात्र काकांनी टेबलावर हात आपटला, आणि मीही त्यांच्याच बाजूला गेलो. नामनिर्देशित माणूस आणि वारस हे एक नव्हेत. सभासद गेल्यावर सोसायटीने ज्याच्याशी कागदपत्रं करायची तो नॉमिनी. घरावरचा हक्क ठरतो तो मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने. धाकट्याचं नाव नॉमिनी म्हणून असलं आणि फॉर्मवर ‘वारस’ छापलेलं असलं, तर धाकटा घर आपलंच समजेल आणि थोरला कोर्टात जाईल. सोपा शब्द इथे चुकीचा शब्द आहे. तिथे आम्ही ‘नॉमिनी’ लिहिलं, आणि खाली एक ओळ: ‘नॉमिनी म्हणजे वारस नव्हे.’ सगळे नॉमिनीच म्हणतात. नामनिर्देशन असं फक्त निवडणुकीतले लोक म्हणतात, आणि तेही ‘फॉर्म भरला’ असंच सांगतात.

‘मानीव अभिहस्तांतरण’ची गोष्ट निराळी. त्याला रोजचा शब्दच नाही, कारण ती गोष्टच रोजची नाही. बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर करून द्यायची असते. तो देत नसला तर सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे अर्ज करून ती करून घेता येते. एवढी लांब गोष्ट कुठल्याही एका शब्दात मावत नाही, ना संस्कृत, ना ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ या इंग्रजीत. तिथे शब्दाला शब्द शोधायचा नाद सोडला आणि सरळ वाक्य लिहिलं: ‘जमीन अजून बिल्डरच्या नावावर आहे. ती आपल्या नावावर करून घ्यायची आहे.’ गंमत अशी की हा विषय काही वर्षं दर सभेच्या विषयपत्रिकेत होता आणि कुणी कधी बोललं नव्हतं. या वर्षी वाक्य वाचून पहिल्या मजल्याचे गृहस्थ दारात येऊन म्हणाले, “म्हणजे जमीन आपली नाही? हे कधी झालं?”

आणि एका कागदाला आम्ही हात लावला नाही. कुणी गेलं की फलकावर काका चार ओळी लिहितात: ‘दुःखद निधन’, ‘अंत्यविधी’, ‘कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी’. तिथे हे शब्द कुणाला जड वाटत नाहीत. ‘वारले’ही चाललं असतं, पण माणूस गेल्यावर बोलणं थोडं उंचावरूनच बरं असतं.

रविवार उजाडला. टाक्या धुतल्या, चारला पाणी आलं, कुणाच्याही पंख्यावरून काही गळलं नाही. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ तर दिवसभर घरीच होते. नळ सोडून बाहेर जायची त्यांची छाती झाली नाही. सगळं इतकं सुरळीत झालं की तक्रार आलीच. सोमवारी चौथ्या मजल्यावरचे निवृत्त अधिकारी खाली आले आणि म्हणाले, “ही नोटीस ऑफिशियल होती का?”

“हो. का?”

“नाही, वाचल्यावर लगेच कळली. म्हटलं, कुणी पोरांनी लावली असेल.”

यावर कमिटीने विचार करून सोसायटीचा गोल शिक्का काढला. आता सोप्या नोटिशीवर तो दोन ठिकाणी मारतात, खाली एक आणि वर एक.

पुढे वार्षिक सभेची नोटीस आली, तेव्हा माझा हात चांगला बसला होता. तिच्यात ती प्रसिद्ध ओळ असते: ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासानंतर त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तीस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.’ आदर्श उपविधींप्रमाणे एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जो आकडा कमी, तेवढी माणसं सभेला लागतात. आमच्याकडे ती आजवर कधी जमलेली नाहीत. मी ओळ सोपी केली: ‘दहा वाजता पुरेशी माणसं आली नाहीत तर साडेदहाला, जेवढे असतील तेवढ्यांत सभा घेऊ.’

मसुदा फिरला आणि चेअरमनबाईंचा फोन वाजायला लागला. एक म्हणाले, आम्ही येणार नाही असं आधीच धरून चालता? दुसरे म्हणाले, जेवढे असतील तेवढ्यांत, म्हणजे तुम्ही चौघं मिळून ठराव करणार? तिसऱ्यांनी हे सोसायटीच्या बायलॉजमध्ये बसतं का असं विचारलं. अर्थ अगदी तोच होता. गेली कित्येक वर्षं दरवर्षी हेच होत आलं होतं, कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

मी कागद घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून वाचला, माझी ओळ पेनने खोडली आणि आपली वर लिहिली.

“ही राहू द्या,” ते म्हणाले. “गणपूर्ती म्हणजे साडेदहाला यायचं, हे सोसायटीत लहान मुलालाही माहीत आहे. माझा एवढा एकच शब्द आहे जो सगळ्यांना कळतो.”